गृहकर्ज अर्ज : आई-वडिलांकडून मिळालेल्या १६ लाख रुपयांचा खुलासा

दिनांक : २२ ऑगस्ट २०२५

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
गंगापूर रोड शाखा, नाशिक

विषय : बचत खात्यात (शेवटचे अंक ४४१२) जमा झालेल्या ₹१६,००,००० चा स्रोत व नातेसंबंधाचा पुरावा

महोदय,

आपल्या गृहकर्ज विभागाचा २० ऑगस्टचा ईमेल मिळाला. पाथर्डी फाट्याजवळील ₹७२ लाखांच्या फ्लॅटसाठी मी ₹५० लाखांचे कर्ज मागितले आहे. उरलेल्या ₹२२ लाखांपैकी ₹६ लाख माझी स्वतःची बचत आहे आणि ₹१६ लाख आई-वडिलांनी दिले आहेत. ही रक्कम खात्यात एकदम कशी आली, आणि ती परत करायची आहे का, असे आपण विचारले आहे. ती परत करायची नाही. तिच्यावर व्याज नाही, हप्ता नाही, तोंडी बोलीही नाही. त्यामुळे माझ्या मासिक परतफेडीच्या हिशोबात या रकमेपोटी काही धरू नये, ही विनंती.

वडिलांचे ₹१० लाख ११ ऑगस्टला आणि आईचे ₹६ लाख १२ ऑगस्टला, दोन्ही त्यांच्या स्वतःच्या खात्यांतून आरटीजीएसने आले. रोख एक रुपयाही नाही. वडील एकलहरे औष्णिक वीज केंद्रातून निवृत्त झाले. ग्रॅच्युइटी आणि भविष्य निर्वाह निधीच्या पैशांची त्यांनी केलेली मुदत ठेव ४ ऑगस्टला पूर्ण झाली. ठेवीची पावती आणि मुदतीनंतर रक्कम खात्यात वळल्याची नोंद जोडली आहे.

आईच्या रकमेबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण तिच्या खात्यात एवढी मोठी रक्कम पूर्वी कधी दिसली नव्हती. निफाड तालुक्यातील माहेरच्या शेतजमिनीत तिचा वारसाहक्काचा हिस्सा होता. तिने आणि माझ्या दोन्ही मामांनी मिळून ती जमीन जूनमध्ये विकली. आईच्या वाट्याची रक्कम खरेदीदाराच्या धनादेशाने थेट तिच्या खात्यात जमा झाली. नोंदणीकृत खरेदीखताची प्रत, विक्रीपूर्वीचा तिचे नाव असलेला सातबारा आणि वारस नोंदीचा फेरफार सोबत आहे. हा पैसा तिच्या हक्काचा आहे आणि तो कोणाला द्यायचा हे तिने स्वतः ठरवले. म्हणून तिचे प्रतिज्ञापन वडिलांच्या प्रतिज्ञापनात सामावून न घेता वेगळे केले आहे.

नात्याच्या पुराव्यात एक अडचण दिसेल. माझ्या जन्मदाखल्यावर आई-वडिलांची नावे आहेत, पण बाळाच्या नावाची जागा कोरी आहे. त्या काळात पुष्कळांनी नाव नंतर नोंदवलेच नाही. शिवाय दाखल्यावर आईचे नाव ‘शोभाबाई’ असे आहे, तर आधार आणि पॅनवर ‘शोभा’. म्हणून शाळा सोडल्याचा दाखला आणि दहावीचे प्रमाणपत्र जोडले आहे. त्यांवर माझे लग्नाआधीचे नाव, स्नेहल रमेश बोरस्ते, आणि जन्मदाखल्यावरचीच जन्मतारीख आहे. विवाह नोंदणी प्रमाणपत्रावरून बोरस्तेची जगताप झाल्याचे कळेल. शोभाबाई व शोभा ही एकच व्यक्ती असल्याचे आईचे नोटरी केलेले शपथपत्रही आहे. कृपया ही कागदपत्रे एकत्र पाहावीत. सुटा जन्मदाखला पाहिला तर नाते अर्धेच दिसते.

आई-वडील प्राप्तिकर कायदा, १९६१ च्या कलम ५६ मधील ‘नातेवाईक’ या व्याख्येत येतात, त्यामुळे ही भेट माझ्या हाती करपात्र नाही. दोघांचे पॅन, आधार आणि सहा महिन्यांची खाते विवरणपत्रे स्वाक्षरी करून दिली आहेत.

साठेखतानुसार विकासकाला १५ सप्टेंबरपर्यंत रक्कम द्यायची आहे. आणखी कागद हवा असल्यास तो कोणता, हे एकदाच लेखी कळवावे. प्रत्यक्ष खातरजमा करायची असेल तर आई-बाबा शाखेत यायला तयार आहेत. बाबांच्या गुडघ्याचे दुखणे आहे, तेव्हा आधी वेळ ठरवून द्यावी.

आपली विश्वासू,
स्नेहल प्रशांत जगताप

सोबत : वर उल्लेखलेली कागदपत्रे व दोन प्रतिज्ञापने. आईचे प्रतिज्ञापन खालीलप्रमाणे; वडिलांचे याच नमुन्यात, रक्कम व स्रोत वेगळा.

भेट रकमेचे प्रतिज्ञापन
(₹५०० च्या मुद्रांकावर, नोटरीसमक्ष)

मी, शोभा रमेश बोरस्ते, वय ६१ वर्षे, राहणार नाशिक रोड, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की, स्नेहल प्रशांत जगताप ही माझी सख्खी मुलगी आहे. तिच्यावरील प्रेमापोटी मी तिला दिनांक १२ ऑगस्ट २०२५ रोजी माझ्या बचत खात्यातून आरटीजीएसने ₹६,००,००० (अक्षरी रुपये सहा लाख फक्त) भेट दिले आहेत आणि तिने ते स्वीकारले आहेत. ही रक्कम माहेरच्या शेतजमिनीतील माझ्या हिश्श्याच्या विक्रीतून आलेली, माझ्या एकटीच्या मालकीची आहे. ती मी कोणाकडून उसनी घेतलेली नाही. ती मी किंवा माझे वारस कधीही परत मागणार नाही, तिच्यावर व्याज घेणार नाही, आणि या रकमेमुळे सदर फ्लॅटमध्ये माझा कोणताही हक्क वा हिस्सा निर्माण होत नाही. हे मी कोणाच्याही दबावाखाली न येता, मजकूर वाचून व समजून घेऊन लिहून दिले आहे.

नाशिक, दिनांक २१ ऑगस्ट २०२५

भेट देणार : शोभा रमेश बोरस्ते
भेट स्वीकारणार : स्नेहल प्रशांत जगताप