अटक ते जामीन: एका आरोपीच्या तारखांवर बसवलेली उजळणी

आरोपी धरून चाललो की कलमं लक्षात राहतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेची कलमं कंसात देतो, कारण २०२४ पूर्वीचे निकाल त्याच आकड्यांनी बोलतात.

आपला आरोपी संतोष, वय २६. आरोप राहत्या घरातल्या चोरीचा: भारतीय न्याय संहितेचं कलम ३०५, शिक्षा सात वर्षांपर्यंत, दखलपात्र, अजामीनपात्र.

अटक करायचीच का?
शिक्षा सात वर्षांपर्यंत असेल तर गुन्हा दाखल झाला म्हणून उचलता येत नाही. अटक का गरजेची, याची कारणं पोलिसांनी लेखी नोंदवायची. नसतील तर कलम ३५(३) ची नोटीस (जुनं ४१-अ). अर्नेश कुमार (२०१४) हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल उत्तरात इथे लिहायचाच. शिक्षा तीन वर्षांहून कमी आणि व्यक्ती आजारी-अशक्त किंवा साठीच्या पुढची असेल, तर उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते. ही ३५(७) ची नवी भर. अटकेची भीती असेल तर याच टप्प्यावर कलम ४८२ चा अटकपूर्व जामीन (४३८), सत्र किंवा उच्च न्यायालयात. एकदा अटक झाली की हा दरवाजा बंद.

संतोषला नोटीस मिळाली, तो आला नाही. ३ मार्च २०२५, संध्याकाळी ७ वाजता अटक.

पहिले चोवीस तास
कलम ३६: अटक मेमो, त्यावर साक्षीदाराची आणि आरोपीची सही. ३८: वकिलाची भेट. ४८: नातेवाइकांना खबर. ५३: वैद्यकीय तपासणी. ही यादी पाठ होते. खरा प्रश्न येतो कलम ४७ वर, म्हणजे अटकेच्या कारणांवर. अनुच्छेद २२(१) चा हा हक्क आहे. पंकज बन्सल (२०२३) आणि प्रबीर पुरकायस्थ (२०२४) यांनी विशेष कायद्यांत कारणं लेखी द्यायला लावली. मिहिर राजेश शहा (२०२५) या महाराष्ट्रातल्या प्रकरणात तेच सगळ्या गुन्ह्यांना लागू झालं: आरोपीला समजेल त्या भाषेत, आणि लगेच शक्य नसेल तर रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी. ‘अटकेची कारणं’ म्हणजे गुन्ह्याचं नाव आणि कलम नव्हे. याच माणसाला का धरलं, ते. उत्तरात हा फरक मांडाच.

कलम ५८ (५७) आणि अनुच्छेद २२(२): प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे. संतोष ४ मार्चला दुपारी हजर.

रिमांड: कलम १८७ (१६७)
कोर्टात याला पीसीआर आणि एमसीआर म्हणतात: पोलीस कोठडी आणि न्यायालयीन कोठडी. पोलीस कोठडी एकूण १५ दिवसच. अनुपम कुलकर्णी (१९९२) नुसार ती पहिल्या १५ दिवसांतच मिळायची. आता ती तुकड्यातुकड्यांत मागता येते: दोषारोपपत्राची मुदत ६० दिवस असलेल्या गुन्ह्यात पहिल्या ४० दिवसांत, ९० दिवस असलेल्या गुन्ह्यात पहिल्या ६० दिवसांत. संतोषसाठी ही खिडकी १२ एप्रिलला बंद होते. मला हा बदल आरोपीवर जड वाटतो. न्यायालयीन कोठडीत गेलेला माणूस पुन्हा पोलिसांच्या ताब्यात येऊ शकतो. पोलीस कोठडीसाठी आरोपी प्रत्यक्ष समोर हवा. न्यायालयीन कोठडी व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवर वाढवता येते.

दोषारोपपत्र उशिरा आलं तर
मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षं वा अधिक शिक्षेचा गुन्हा असेल तर ९० दिवस, बाकी ६०. मोजणी अटकेपासून नाही, पहिल्या रिमांडच्या दिवसापासून, आणि तो दिवस धरून (कपिल वाधवान, २०२३). बोटं मोजा: मार्चचे २८, एप्रिलचे ३०, मेचे २. साठावा दिवस २ मे. तोवर दोषारोपपत्र नाही, तर ३ मे रोजी जामिनाचा हक्क उभा राहतो. ३ मार्चपासून मोजणाऱ्याचं उत्तर इथेच चुकतं.

पण हक्क आपोआप सुटका करत नाही. अर्ज दोषारोपपत्राआधी हवा, तोंडी असला तरी चालतो (राकेश कुमार पॉल, २०१७), आणि जामीनदार देण्याची तयारी हवी. अर्ज ३ मेला सकाळी आणि दोषारोपपत्र दुपारी, तरी हक्क टिकतो. गुन्ह्याचं गांभीर्य इथे पाहायचं नाही.

नियमित जामीन
जामीनपात्र गुन्ह्यात कलम ४७८ (४३६): हक्कच. आठवड्यात जामीनदार मिळाला नाही तर निर्धन मानून जातमुचलक्यावर सोडायचं. अजामीनपात्रात दंडाधिकाऱ्याकडे ४८० (४३७), सत्र किंवा उच्च न्यायालयात ४८३ (४३९). मृत्युदंड-जन्मठेपेच्या गुन्ह्यात दंडाधिकाऱ्याचे हात बांधलेले, पण स्त्री, बालक, आजारी-अशक्त यांना सूट.

शेवटी ४७९ (४३६-अ): खटला सुरू असताना कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत गेला तर जामीन, पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्याला एक तृतीयांश. मृत्युदंड-जन्मठेपेला लागू नाही, आणि एकाहून अधिक खटले प्रलंबित असतील तरी नाही. संतोषचा हा पहिलाच गुन्हा: सात वर्षांचा तिसरा हिस्सा, म्हणजे दोन वर्षं चार महिने. अर्ज करायची जबाबदारी तुरुंग अधीक्षकावरही आहे.