कर्जाच्या कागदपत्रांवरील सह्यांची तारीख पुढे ढकलण्याबाबत विनंती अर्ज

दिनांक : १२ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
गृहकर्ज विभाग, धरमपेठ शाखा,
नागपूर

विषय : सहअर्जदार बाहेरगावी असल्याने १४ नोव्हेंबरच्या सह्या सोमवार, २४ नोव्हेंबर रोजी घेण्याबाबत.

संदर्भ : गृहकर्ज अर्ज क्रमांक २०२५/गृह/११४७, मंजुरीपत्र दिनांक २७ ऑक्टोबर २०२५, मंजूर रक्कम ४१ लाख रुपये.

महोदय,

मी नितीन वामनराव ढोबळे आणि माझी पत्नी सौ. वैशाली, आम्हा दोघांच्या नावे मनीषनगर येथील फ्लॅटसाठी आपल्या शाखेने वरील कर्ज मंजूर केले आहे. कर्जकरार व इतर कागदपत्रांवर सह्या करण्यासाठी शुक्रवार, १४ नोव्हेंबर, सकाळी साडेअकराची वेळ आम्हाला मिळाली आहे. त्या दिवशी वैशाली नागपुरात नसेल. त्यामुळे ही तारीख सोमवार, २४ नोव्हेंबर अशी करून द्यावी, ही विनंती.

माझ्या सासऱ्यांची पुण्यात परवा, १० तारखेला बायपास झाली. ऑपरेशन आधी ठरलेले नव्हते, त्यामुळे वैशालीला मिळेल त्या गाडीने निघावे लागले. सासूबाई वयस्क आहेत, दवाखान्यातली धावपळ त्यांच्याने होत नाही. मेहुणा दुबईला नोकरीला असतो, त्याला २० तारखेचे विमान मिळाले आहे. तो पोचला की वैशाली मोकळी होईल. तिचे २१ तारखेचे, शुक्रवारचे आझाद हिंद एक्स्प्रेसचे तिकीट काढलेले आहे, म्हणजे २२ ला सकाळी ती नागपुरात असेल. २२ तारखेला चौथा शनिवार असल्याने बँक बंद, पुढे रविवार. म्हणून सोमवारची विनंती करतो आहे. सकाळी बँक उघडल्यापासून केव्हाही बोलवा, आम्ही दोघांनीही त्या दिवसाची रजा टाकली आहे.

काल आपल्या कर्ज अधिकारी मॅडमशी फोनवर बोलणे झाले. त्यांनी आपुलकीने दोन मार्ग सुचवले. त्यांबद्दल आमचे म्हणणे इथे लिहून ठेवतो, म्हणजे फाइलवर राहील.

पहिला मार्ग, माझ्या सह्या १४ लाच घ्यायच्या आणि वैशालीच्या ती आल्यावर. हे आम्हाला नको आहे. करारावर एक तारीख आणि सहअर्जदाराच्या सहीपुढे दुसरी, असा कागद पुढची वीस वर्षे आपल्या तिजोरीत राहणार. उद्या कोणी विचारले तर खुलासा आपल्यालाही करावा लागेल आणि आम्हालाही. शिवाय वैशाली नावापुरती सहअर्जदार नाही. तिचा पगार धरून पात्रता निघाली आहे, साठेखतावर तिची सही आहे आणि हप्त्यातला निम्मा भार तिचा आहे. ज्या कागदांवर ती सही करणार ते तिने समोर बसून वाचावेत, एवढीच इच्छा.

दुसरा मार्ग मुखत्यारपत्राचा. पुण्यात ते करून घ्यायचे, इकडे पाठवायचे, मग आपल्या कायदा विभागाने मसुदा तपासून होकार द्यायचा, एवढ्यात ती स्वतःच परत आलेली असेल. सासऱ्यांच्या उशाशी बसलेल्या माणसाला नोटरी शोधायला पाठवणे मला बरेही वाटत नाही.

तारीख पुढे गेल्याने बँकेचे काही अडू नये, याचा विचार केला आहे. मंजुरीपत्राची मुदत पत्राच्या तारखेपासून तीन महिन्यांची आहे, ती संपायला पुष्कळ अवकाश आहे. आम्हा दोघांच्या ऑक्टोबरच्या पगारपत्रिका आपल्याकडे जमा आहेत. २४ तारीख याच महिन्यातली असल्याने नव्या लागणार नाहीत असे वाटते, तरी हव्या असल्यास कळवावे. करारासाठीचा स्टॅम्प अजून काढला नसेल तर तूर्त थांबवावा. काढून झाला असेल तरी हरकत नाही, विकत घेतल्यापासून सहा महिन्यांत तो वापरता येतो. फक्त त्यावर करार छापताना १४ तारीख टाकली जाऊ नये, एवढे कृपया पाहावे.

आमची खरी घाई विक्रीपत्राची आहे. साठेखताप्रमाणे विक्रीपत्र १० डिसेंबरपर्यंत नोंदवायचे आहे. घर विकणारे काका निवृत्त आहेत, सामान बांधून मुलाकडे हैदराबादला निघायच्या तयारीत बसले आहेत. त्यांना मी आजच ही सगळी परिस्थिती सांगितली. २४ ला सह्या झाल्या तर त्यांची हरकत नाही, पण १० डिसेंबरच्या पुढे ते थांबणार नाहीत, आणि त्यांचे चूक आहे असे मी म्हणू शकत नाही. ८ डिसेंबरपासून अधिवेशन आहे. तेव्हा सिव्हिल लाइन्स, सीताबर्डीकडचे रस्ते कधी बंद आणि मोर्चे कुठून निघणार याचा नेम नसतो, हे आपणास सांगायला नको. म्हणून दुय्यम निबंधक कार्यालयातली वेळ आम्ही ३ किंवा ४ डिसेंबरची घेऊ इच्छितो. त्या दिवशी डिमांड ड्राफ्ट घेऊन आपला प्रतिनिधी तिथे हजर राहू शकेल का, हे २४ तारखेआधी समजले तर काकांनाही तसे सांगता येईल.

ड्राफ्ट ४१ लाखांचाच काढायचा आहे. व्यवहार ५२ लाखांचा असल्याने एक टक्का टीडीएस, म्हणजे ५२ हजार रुपये, आम्हाला कापून भरायचे आहेत. ते आम्ही आमच्या हिश्श्याच्या रकमेतून कापणार आहोत. पाच लाख इसारापोटी आधीच दिले आहेत, राहिलेले सहा लाख आमच्या खात्यात तयार आहेत.

आणखी एक बाब आधीच विचारून घेतो. वैशालीची सही पॅनकार्डावर इंग्रजीत आहे आणि आपल्या शाखेतल्या बचत खात्यावर मराठीत. कर्जअर्जाच्या वेळी काउंटरवर यावरून बराच खल झाला होता आणि शेवटी दोन्ही सह्या घेतल्या गेल्या. करारावर आणि हप्त्याच्या नॅच फॉर्मवर नेमकी कोणती सही चालेल, हे आधी कळवावे. शंभरेक पानांवर सह्या झाल्यावर ही गोष्ट निघाली तर सगळे पुन्हा पहिल्या पानापासून करावे लागेल. बँकेचे सही-पडताळणी पत्र लागणार असेल तर त्याचा अर्ज मी उद्याच देऊन ठेवतो.

मंजुरीपत्रातला व्याजदर रेपोशी जोडलेला आहे. सह्या दहा दिवसांनी झाल्या म्हणून दरातला बँकेचा ठरलेला फरक किंवा प्रक्रिया शुल्क बदलत नाही ना, याबद्दल एक ओळ उत्तरात लिहावी. शुल्क आम्ही पूर्ण भरले आहे.

२४ तारीख शक्य नसेल तर २५ किंवा २६ नोव्हेंबरही चालेल. ठरलेली तारीख कर्जअर्जात दिलेल्या ईमेलवर लेखी कळवावी. फोनवर मी सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर हमखास मिळतो. वैशालीशी खात्री करून घ्यायची असल्यास तिचाही नंबर अर्जात आहे, दुपारी दोन ते चार ती दवाखान्याबाहेर असते, तेव्हा फोन उचलेल.

मूळ साठेखत आणि आखीव पत्रिकेची प्रत ठरल्याप्रमाणे १४ तारखेलाच शाखेत आणून देतो, त्यासाठी सह्यांपर्यंत थांबायची गरज नाही. जमा केल्याची पोच तेवढी द्यावी.

कळावे.

आपला विश्वासू,
नितीन वामनराव ढोबळे
मुख्य अर्जदार
मनीषनगर, नागपूर

सोबत : मंजुरीपत्राची प्रत, वैशालीच्या २१ नोव्हेंबरच्या रेल्वे तिकिटाची प्रत, या विनंतीला संमती देणारा वैशालीने स्वतःच्या ईमेलवरून पाठवलेला मजकूर (छापील प्रत).