बी.कॉम. फ्रेशर? रेझ्युमेतली ही ओळ आधी बदला

(कॅमेऱ्यासमोर, हातात रेझ्युमेचा प्रिंटआउट)

बी.कॉम. झालंय, अकाउंट्स असिस्टंटसाठी अर्ज करताय, आणि अनुभवाच्या जागी ही एकच ओळ आहे?

स्क्रीनवर, लाल अक्षरांत:
सीए ऑफिसमध्ये ६ महिने इंटर्नशिप केली. टॅली व जीएसटीचे उत्तम ज्ञान.

रेझ्युमे इंग्रजीत असतो, माहितीये. इथे पटकन कळावं म्हणून मराठीत टाकलंय.

ओळीत खोटं काही नाही. पण गठ्ठ्यातल्या निम्म्या रेझ्युमेत हीच असते. उत्तम ज्ञान म्हणजे नेमकं काय येतं? बिलं चढवता येतात, की नुसता टॅलीचा क्लास केलाय?

(‘उत्तम ज्ञान’वर काट मारली जाते)

आता मला सांगा, सहा महिने तिथे केलंत काय? बिलांच्या पिशव्या यायच्या, त्या टॅलीत चढवल्या. १४ तारखेला २बी आलं की खरेदीची बिलं त्याच्याशी ताडून बघितली. कुठल्या सप्लायरने बिल दाखवलंच नाही, ते शोधलं. कारण २० तारखेच्या आत ३बी भरायचं असतं आणि २बीत नसलेल्या बिलाचं क्रेडिट घेता येत नाही. अहो, मग हेच लिहा ना!

स्क्रीनवर, हिरव्या अक्षरांत:
इंटर्न, सीए ऑफिस, सांगली (जानेवारी ते जून २०२५): ४ व्यापारी क्लायंटची मिळून महिन्याला सुमारे ३५० खरेदी-विक्री बिले टॅलीप्राइममध्ये नोंदवली. दरमहा खरेदी रजिस्टर जीएसटीआर-२बीशी जुळवून, न जुळलेल्या बिलांची यादी रिटर्न भरण्यापूर्वी सीनियरला दिली.

(‘यादी सीनियरला दिली’ हायलाइट होतं)

इथे ‘रिटर्न भरले’ असं लिहिलेलं नाही, बघितलंत? रिटर्न सीनियरने भरलं, यादी तुम्ही केली. जेवढं केलं तेवढंच. इंटरव्ह्यूत पहिला प्रश्न यावरच येणार: बिल २बीत दिसलं नाही, तर काय करायचात? सप्लायरला फोन लावायचो, हे तुम्हाला झोपेतही सांगता येईल. न केलेल्या कामाचं काय सांगणार?

क्लायंटची नावं मात्र टाकू नका. ‘व्यापारी क्लायंट’ पुरतं. दुसऱ्याचे हिशेब चव्हाट्यावर मांडणारा माणूस कुठल्याच अकाउंट्स खात्याला नको असतो.

३५० आकडा आणायचा कुठून? टॅलीत स्टॅटिस्टिक्स नावाचा रिपोर्ट आहे, त्यात व्हाउचरची संख्या दिसते. ऑफिस सुटलं असेल तर तिथल्या सीनियरला एक फोन करा. तेही जमलं नाही, तर दिवसाला साधारण किती बिलं व्हायची ते आठवा आणि ‘सुमारे’ लिहा.

(हिरवी ओळ पुन्हा पूर्ण स्क्रीनवर, पाच सेकंद)

घ्या स्क्रीनशॉट. फक्त ३५० आणि सांगली खोडून स्वतःचं टाका, नाहीतर उद्या अख्ख्या महाराष्ट्राची इंटर्नशिप सांगलीतच झालेली दिसेल.