चाळीस घरचे सांडगे

"ओढ्याला पाणी आलंय, टेम्पो पल्याडच उभाय," एवढं बोलून ड्रायव्हरचा फोन बंद झाला तो झालाच. पहाटेचे साडेपाच. रात्री वळीव असा कोसळला होता की मांडवाच्या कनातीतून अजून पाणी गळत होतं.

टेम्पोत साठ किलो वांगी, चाळीस किलो बटाटे, फ्लॉवर, टोमॅटो, कोथिंबीर, सगळं होतं. लग्न बारा वाजून वीस मिनिटांचं. पान सहाशेचं. किराणा आदल्या दिवशीच आला होता, बुंदी पाडून झाली होती. भाजी तेवढी बार्शीच्या बाजारातून ताजी आणायची, हा भानूतात्यांचाच हट्ट. मी त्यांच्या हाताखाली तिसऱ्या वर्षाला होतो, म्हणजे अजून कांदेच चिरत होतो.

नवरीचे वडील डोक्याला हात लावून चुलवणापाशी बसले. "तात्या, पाव्हण्यांसमोर नाक कापलं जाणार."

"वांगी न्हाईत म्हणून लगीन थांबतंय व्हय?" तात्या म्हणाले खरं, पण हातातली विडी पेटवायचं त्यांना सुचत नव्हतं. ते उठले, कोठीतली पोती दाबून पाहू लागले. तूरडाळ, तांदूळ, शेंगदाणे, खोबरं, कांदा, लसूण. कोपऱ्यात नव्या फडक्यात बांधलेला डबा होता. तो त्यांनी उघडला.

"येसर कुणी केलाय?"

"आईनं. मुहूर्ताचा," नवरीचे वडील म्हणाले. "गहू, डाळ स्वतः भाजलीय."

"मग आमटीचं भागलं. भातात शेंगदाणे घालू. आता भाजी." तात्या मांडवाबाहेर आले आणि समोरच्या माळवदाकडं बघत राहिले. तिथं खाट होती, खाटेवर भिजू नये म्हणून रात्री घाईनं गुंडाळलेलं धोतराचं पान. वैशाख चालू होता. गावात असं एक घर नव्हतं जिथं सांडगे घातलेले नव्हते.

"घरटी अर्धा किलो," तात्या मला म्हणाले. "पळ. आन् बायकांना सांग, लेकीच्या लग्नाला मागतोय, उसनं न्हाई."

सात वाजेस्तोवर चुलवणापाशी डबेच डबे झाले. सगळे स्टीलचे, सगळ्यांवर कुणाचं ना कुणाचं नाव कोरलेलं. माझ्या मते आता काम सोपं होतं, सगळे एका कढईत ओतायचे. तात्यांनी माझा हात धरला. "चाळीस घरचं मीठ हाय ते."

मग त्यांनी एकेक डबा उघडून एकेक सांडगा दाताखाली फोडला. चुळ भरायची, पुढचा. कुठं मटकीची डाळ, कुठं मुगाची, कुठं कोहळा किसून घातलेला, एकात तर इतकी मिरची की तात्यांचे डोळे भरले. तीन परातींत तीन ढीग झाले: तिखट, खारट आणि नुसतेच. गंगूआत्यांचा डबा उघडला तेव्हा त्यांनी फक्त वास घेतला. खवट. झाकण लावून डबा गुपचूप पोत्यामागं सारला.

सांडगे तेलात लालसर तळून निघाले. खारट ढिगाच्या रश्श्यात मीठ टाकलंच नाही. कांदा, लसूण, खोबऱ्याचं वाटण तेल सुटेपर्यंत परतून झालं आणि मी गार पाण्याची घागर उचलली, तशी पाठीत थाप बसली. "आधणाचं घाल. गार पाण्यानं सांडगा आत तसाच कडक ऱ्हातो. पाव्हण्याचा दात पडला तर तू देणार हायेस का?" टोमॅटोच्या जागी कैऱ्या आल्या. त्या पोरांनी कुणाच्या झाडाच्या पाडल्या ते विचारायला कुणाला सवड नव्हती. उरलेल्या कैऱ्या किसून त्यात कांदा, गूळ, तिखट घातलं.

पहिली पंगत बसली. वाढपी नुसते पळत होते. वराकडचे एक जाडजूड मामा बुंदी बाजूला सारून तिसऱ्यांदा रस्सा मागत होते. पण खरी गंमत बायकांच्या पंगतीत. प्रत्येक जण वाटीत बोटानं सांडगा उलटा करून बघत होती. "हा माझा. मी चमच्यानं घालत न्हाई, चिमटीनं घालते, बघ की." "तुझा कुठला, यात कोहळा हाय!"

गंगूआत्या जेवून थेट चुलवणापाशी आल्या. "चव आली की न्हाई रं माझ्या सांडग्यानं?"

"तर!" तात्या पळी न थांबवता म्हणाले. "त्याबिगर रस्सा उभाच ऱ्हायला नसता."

शेवटची पंगत उठत होती तेव्हा टेम्पो आला. नवरीच्या वडलांनी हसत हसत घरटी वांगी-बटाटे वाटायला सांगितले. डबे धुऊन, नावं वाचून मी परत द्यायला निघालो. पोत्यामागचा डबा तसाच भरलेला होता.

"ह्याचं काय करू?"

तात्यांनी आता कुठं विडी पेटवली होती. "म्हशीला घाल. पर ह्या गावातल्या नको."