कोजागरीच्या दुधाची कबुली

मंडळी, नमस्कार. वर्गणीचं झालं, मांडवाचं झालं, डीजे नको हेही पुन्हा एकदा ठरलं. आता प्रसादाचा विषय निघालाच आहे, तर पाच मिनिटं मी घेतो. घाबरू नका, मोदक बंद करा म्हणायला उभा राहिलेलो नाही.

आधी एक गुन्हा कबूल करतो. गेल्या कोजागरीला गच्चीवर दूध आटवायला मी होतो. चाळीस लिटर दूध, आणि दरवर्षी आपण त्यात चार किलो साखर ओततो. मी अडीच किलोच घातली. उरलेली दीड किलो खजिनदारांना दुसऱ्या दिवशी परत केली, ते इथेच बसलेत, विचारा. कोणाला काही कळलं? बी विंगच्या काकूंनी तर ‘यंदा दूध छान आटलंय’ म्हणत दुसरा पेला मागितला.

जादू काही नाही. दूध अर्धा तास जास्त आटवलं की त्याचा स्वतःचा गोडवा वर येतो. जायफळ, वेलची, केशर घातलं की नुसत्या वासानेच जिभेला गोड वाटतं. शिवाय दूध गरम होतं. तोच पदार्थ गार केला की कमी गोड लागतो, म्हणून तर फ्रिजमधल्या श्रीखंडात आपण साखर ओतत सुटतो.

आता हिशेब, मी बँकेतला माणूस. आधीच्या दुधात, आटण्याचा हिशेब सोडला तरी, दोनशे मिलीच्या पेल्यात वीस ग्रॅम साखर, म्हणजे पाच चमचे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर मोठ्या माणसाने दिवसभरात साधारण पंचवीस ग्रॅमच्या आत ठेवली तर उत्तम. म्हणजे एका पेल्यात दिवस जवळपास संपला, आणि चहा, बिस्किटं अजून मोजलीच नाहीत. माझ्या दुधात तेच साधारण तीन चमचे झाले.

गूळ घातला की चालतं, असं इथे अर्ध्या लोकांना वाटतं. मलाही वाटायचं. चार वर्षांपूर्वी रक्तातल्या साखरेची, तीन महिन्यांच्या सरासरीची ती तपासणी केली, आकडा पाहून डॉक्टरांना म्हटलं, ‘मी तर गुळाचंच खातो!’ ते हसले. गूळही बहुतेक साखरच असतो. आपले निफाडकडचे मनुके घातले तरी तेच, द्राक्ष सुकलं म्हणून त्यातली साखर उडून जात नाही. चव येते, घाला, पण त्या हिशेबाने साखर काढा.

सगळीकडे हात घालायचा नाही. सत्यनारायणाचा शिरा सव्वाच्या मापाचा, त्याला हात लावणाऱ्याला घरी जेवायला मिळणार नाही. तो तसाच राहू दे, फक्त तो तळहातावर घ्यायचा असतो, द्रोण भरून नाही. अनारसे, पाकातले लाडू यांचं गणित साखरेवरच उभं आहे, तिथे कमी केली की बिघडतं. शंकरपाळे फार कमी साखरेत दगड होतात, आमच्याकडे झालेत. पण उकडीच्या मोदकाचं सारण, खीर, बासुंदी, श्रीखंड, इथे पाऊण मापाने काही बिघडत नाही. ताजा नारळ मुळातच गोड असतो.

आणि दहाही दिवस पेढे-बर्फीच कशाला? विसर्जनाला वाटली डाळ हा आपला जुनाच प्रसाद आहे. पाच संध्याकाळी गोड आणि पाच संध्याकाळी डाळ, उसळ, काकडी-शेंगदाणे, असं केलं तर बाप्पा काही रुसणार नाही. पोरं रुसतील, त्यांच्यासाठी मोदक आहेतच.

एक मात्र मनापासून सांगायचंय. आपला आग्रह. ‘एकच घ्या हो, सणाचं नाही म्हणू नये’, आणि ताट पुढे. ज्याला नको असतं, त्याने चार लोकांत आपलं दुखणं सांगायचं की मुकाट्याने गिळायचं? मी दोन वर्षं गिळत होतो. परवा एकाच्या घरी करंजी खिशात घातली, शर्टाला तूप लागलं, बायकोने पकडलं. आग्रह करा, पण भज्यांचा करा, ताकाचा करा. गोडाची परात टेबलावर ठेवा, ज्याला हवं तो घेईल.

बोलून पुरे झालं. मागे टेबलावर दोन पातेली आहेत, दोन्हीत श्रीखंड. एकात किलो चक्क्याला किलो साखर, दुसऱ्यात सहाशे ग्रॅम आणि दाटपणा उतरावा म्हणून थोडं दूध. कुठलं कोणतं ते बायकोलाही सांगितलेलं नाही. चमचे आणि चिठ्ठ्या शेजारीच आहेत. जे आवडेल त्याचा नंबर लिहा, मोजणी सेक्रेटरी करतील. जास्त मतं सहाशेवाल्याला पडली तर महाप्रसादाचं श्रीखंड त्याच मापाचं. किलोवाला जिंकला तर मी यंदा तोंड उघडणार नाही, फक्त कोजागरीला पातेल्यापाशी मला उभं करू नका.