विषय: द्राक्षबाग मार्गदर्शिकेचा अनुवाद – बिल क्र. 17/2025-26 ची बाकी रक्कम

सांगली
12 मार्च 2026

आदरणीय जाधव सर,

सप्रेम नमस्कार.

काढणीचा हंगाम ऐन भरात आहे. तुमचा अर्धा दिवस साताऱ्यात आणि अर्धा बागांतून जात असणार याची कल्पना आहे. म्हणून मुद्द्याचंच लिहिते.

मार्गदर्शिकेच्या अनुवादाचं बिल मी 20 डिसेंबरला पाठवलं होतं. वर्क ऑर्डरप्रमाणे 30 दिवसांची मुदत होती, म्हणजे 19 जानेवारीपर्यंत. रक्कम अजून जमा झालेली नाही. मधल्या काळात मी दोनदा अकाउंट्सला फोन केला. जानेवारीत "मंजुरीसाठी वर गेलंय" असं कळलं. फेब्रुवारीत फोन उचलणारे नवीन होते आणि त्यांना बिल सापडत नव्हतं. त्यामुळे ते कुठल्या तरी टेबलावर अडकून पडलं असावं, असं मी धरून चालले आहे. बिलाची प्रत आणि अंतिम मजकूर स्वीकारल्याचा तुमचा 19 डिसेंबरचा मेल पुन्हा जोडला आहे.

हिशेब असा: 54,200 शब्द, दर शब्दाला 2 रुपये, एकूण 1,08,400 रुपये. त्यातले 32,520 रुपये सप्टेंबरात अॅडव्हान्स म्हणून मिळाले. त्यावरचा टीडीएस तुम्ही तेव्हाच भरला होता, तो 26एएसमध्ये दिसतो आहे. बाकी 75,880 रुपये. त्यातून 10 टक्क्यांनी 7,588 रुपये टीडीएस कापला, तर माझ्या खात्यात 68,292 रुपये यायला हवेत. माझी जीएसटी नोंदणी नाही, त्यामुळे वर काही लागत नाही. बँकेचा तपशील बिलावर आहे, त्यात बदल नाही.

शब्दांवरून आठवलं. नोव्हेंबरात तुम्ही "केवडा नको, डाऊनी करा, तासगावात केवडा म्हटलं तर पोरं हसतील" असं सांगितलंत, तेव्हा मी थोडी हट्टाला पेटले होते. मग कवठेमहांकाळच्या माझ्या मामांना रोगांचं प्रकरण वाचून दाखवलं. ते भुरीला भुरीच म्हणाले, पण केवड्यापाशी थांबून म्हणाले, "डाऊनी म्हण की सरळ!" त्यानंतर तीन प्रकरणं पुन्हा हाताखालून घातली. विरळणी, खरड छाटणी, जीएची डीप, सगळं बागेत बोलतात तसं केलं. त्या फेरीचे पैसे मी वेगळे लावलेले नाहीत आणि लावणारही नाही. पुस्तक त्यामुळे चांगलं झालं, एवढं मला पुरे आहे. मुद्रितशोधन करणाऱ्या बाईंना मात्र मी डिसेंबरातच माझ्याकडून पैसे देऊन टाकले. ती पदरमोड आता जरा जाणवायला लागली आहे, म्हणून हा मेल.

एक गोष्ट तुमच्याही सोयीची आहे, ती सांगून ठेवते. माझी उद्यम नोंदणी सूक्ष्म उद्योग म्हणून आहे आणि नोंदणी क्रमांक बिलावर आहे. आमचे सीए सांगतात की अशा बिलाची रक्कम ठरलेल्या मुदतीत, आणि फार तर 45 दिवसांत, दिली गेली नाही, तर कंपनीला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देते त्याच वर्षी धरता येतो. म्हणजे 31 मार्चच्या आत पैसे दिले तर तुमच्या यंदाच्या हिशेबात ते बसेल. तुमच्या अकाउंट्सना हे ठाऊक असेलच. व्याजाची वगैरे भाषा मला करायची नाही. आपलं काम चांगल्या मनानं झालं आहे.

तेव्हा विनंती एवढीच की 25 मार्चपर्यंत रक्कम जमा व्हावी. एकरकमी जमत नसेल तर निम्मी आत्ता आणि निम्मी 10 एप्रिलपर्यंत, असंही चालेल. फक्त तारीख कळवा, म्हणजे मला पुढचं ठरवता येईल. बिलात काही त्रुटी राहिली असेल किंवा आणखी कागद हवे असतील तर सांगा, त्याच दिवशी पाठवते. अकाउंट्समध्ये आता हे काम कोण पाहतं त्यांचं नाव कळवलंत, तर दर वेळी तुम्हाला त्रास द्यावा लागणार नाही.

बेदाण्याच्या भागाबद्दल तुम्ही विचारलं होतं. मजकूर वाचला, करायला आवडेल. हे बिल मिटलं की त्याचा अंदाज लगेच पाठवते. आणि रक्कम या एक-दोन दिवसांत निघालीच असेल, तर हा मेल बाजूला ठेवा आणि नुसता यूटीआर नंबर कळवा.

आपली,
वैशाली
इंग्रजी–मराठी अनुवाद
विश्रामबाग, सांगली

सोबत: बिल क्र. 17/2025-26, वर्क ऑर्डर, 19 डिसेंबरचा मेल