गुहागरचा बेत

फोनवर दोनदा बोलायचं ठरवलं आणि दोन्ही वेळा विषय केटररवर गेला, म्हणून लिहूनच पाठवते. (तुझ्या आईसमोर 'अहो' म्हणीन, इथे 'तू' चालेल ना?)

आत्याच्या मनालीच्या पॅकेजला मी नाही म्हटलंय. 6 दिवसांतले 2 प्रवासात आणि उरलेले गाईडच्या मागे. शिवाय हॉलचे पैसे आपण अर्धे भरतोय. तर गुहागर. सोमवारी सत्यनारायण, मंगळवारी मी दिवसभर झोपणार, बुधवारी पहाटे स्वारगेटहून चिपळूणची एसटी. माझं तिकीट अर्धं, त्यामुळे मी स्वस्तात पडते. चिपळूणहून गुहागर 45 किलोमीटरच्या आसपास. रविवारी परत. खोली 4 रात्रींचे 7,200, जेवणखाण 4,000, एसटी-रिक्षा 3,000 धरलेत. 15,000 च्या आत बसतं.

खोली एका काकूंच्या वाडीत, समुद्राला लागून सुरूची झाडं आहेत. घर शाकाहारी आहे, तेव्हा तुझे मासे बाहेर. तू खुशाल जा, मी सोबत बसून सोलकढी पिईन. उकडीचे मोदक आदल्या दिवशी सांगावे लागतात, ते मी सांगून ठेवलेत.

पाहायचं म्हणून एकच दिवस ठेवलाय, शुक्रवार. रिक्षा करून हेदवीचा दशभुज गणपती, मग खाली बामणघळ. खडकाच्या त्या चिरेत भरतीचं पाणी घुसून उंच उसळतं, ओहोटीला गेलं तर काहीच दिसत नाही. म्हणून भरतीची वेळ काकूंना विचारून निघू. जमलं तर वेळणेश्वर. बाकी दिवस मोकळे.

आता जे बोलायला जीभ रेटत नाही ते. आपण एकूण 7 वेळा भेटलोय, त्यातल्या 4 वेळा घरचे होते. मला अनोळखी जागी झोप लागत नाही आणि ताई म्हणते मी घोरते. पांघरुणं दोन मागितलीत. पहिल्या रात्री काही घडलंच पाहिजे असं मनावर घेऊन येऊ नकोस, मीही घेणार नाही. तुझे मित्र विचारतील, विचारू देत. न्हाणीघर खोलीला लागूनच आहे, दार पातळ असणार. मी सकाळी आत असेन तेव्हा तू किनाऱ्यावर चक्कर मारून ये, तुझ्या वेळेला मी जाईन. हसू नकोस, याचा मी आठवडाभर विचार केलाय.

दुपारी जेवण झाल्यावर तासभर एकमेकांशी बोलायचंच असं नाही. तू क्रिकेट बघ, मी वाचेन. संध्याकाळी मात्र फोन खोलीत ठेवून चालायला जायचं. हात धरलास तर चालेल.

राहिलं एकच. मला गाडी लागते. घाटात मी गप्प झाले तर रुसले असं समजू नकोस, आवळासुपारी पुढे कर. खिडकी माझी. चालणार असेल तर उद्या तिकिटं काढते.